आधी चूल, मग पान

गणपती उठले की मंडपाचे बांबू उतरायच्या आत मंडळाच्या फळ्यावर दोन ओळी येतात. एक वर्गणीच्या हिशेबाची आणि दुसरी जेवणाची. ‘सर्व गणेशभक्तांना व परिसरातील नागरिकांना आग्रहाचे निमंत्रण.’ ईद झाली की पोलीस ठाण्याच्या किंवा एखाद्या पतसंस्थेच्या सभागृहात ईद मिलन होते, त्याच्या पत्रिकेवरही ‘सर्वधर्मीय बांधव’ असतातच. संपादकांनी यंदा ‘शेजार’ हा विषय दिला, तेव्हा या दोन ओळींपाशी थांबणे भाग होते. निमंत्रण सर्वांना असते हे खरे, पण येते कोण? बहुतेक ठिकाणी दुसऱ्या धर्माचे चार-दोन प्रतिष्ठित येतात. त्यांना शाल-श्रीफळ मिळते, फोटो निघतो, ते वाटीभर शिरखुर्मा किंवा द्रोणभर शिरा घेतात आणि निघतात. पलीकडच्या गल्लीतला रिक्षावाला, गॅरेजवाला, त्याची बायको, म्हातारी आई यांच्यापैकी कोणी पंगतीत दिसत नाही. यजमान म्हणतात, ‘आम्ही बोलावले होते, तेच आले नाहीत.’ पाहुण्याच्या घरी ऐकू येते, ‘बोलावले होते, पण तिथे जाऊन खायचे काय?’

दोन्ही बाजू खोटे बोलत नाहीत. अडचण मनाच्या मोठेपणाची नसून व्यवस्थेची आहे. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला पानावर बोलावण्याआधी चुलीशी बोलवावे लागते. जनावर कोण कापणार, भांडे कोणाचे, नैवेद्य केव्हा निघणार, वाढणार कोण, हे त्याच्याबरोबर ठरले असेल तर तो येतो आणि घरच्यांना घेऊन येतो. ठरले नसेल तर पत्रिका कितीही सुंदर छापा, तो फोटोपुरताच येतो. महाराष्ट्राच्या खेड्यांनी हे कोडे कसे सोडवले होते ते कंदुरीत दिसते. म्हणून आधी तिकडे जाऊ.

मुलाण्याची सुरी

सोलापूर, सांगली, सातारा आणि मराठवाड्याच्या पट्ट्यात पिराचा उरूस हा अख्ख्या गावाचा सण असतो. संदल निघते, गलेफ चढतो, कुस्त्यांचा फड होतो आणि मग कंदुऱ्या सुरू होतात. कंदुरी म्हणजे पिराला बोललेल्या नवसाचे बोकड आणि त्याचे गावजेवण. नवस बोलणारा बहुधा हिंदू असतो. मूल झाले, विहिरीला पाणी लागले, दुखणे हटले, कोर्टातला दावा निकाली निघाला, अशी कारणे असतात. दर्ग्याजवळच्या माळावर दगडांच्या चुली मांडतात, भाऊबंद, पाहुणे, शेजारी यांना सांगावा जातो आणि आता तर व्हॉट्सअॅपवर ‘कंदुरीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण’ रंगीत चित्रासह फिरते.

या जेवणाचा यजमान हिंदू, स्थान मुसलमानी आणि पंगत सगळ्यांची. हे जमते कसे, ते कामाचा क्रम पाहिला की उलगडते. बोकड हार घालून दर्ग्यापुढे नेतात. मुजावर फातिहा देतो. मग मुलाणी येतो. गावगाड्यातल्या बलुत्यांमध्ये मुलाण्याची गणना होते आणि बकरे-कोंबडे कापणे हे त्याचे वतनाचे काम. त्र्यं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तो इतर बलुतेदारांच्या बरोबरीने येतो. मुलाणी देवाचे नाव घेऊन सुरी फिरवतो आणि कापण्याच्या कामाबद्दल मुंडी, पाय, कातडे यांतला ठरलेला वाटा घेतो. कोणता, ते गावागणिक बदलते. पुढे वाटे घालणे, मसाला वाटणे, रस्सा शिजवणे ही कामे यजमानाच्या भावकीकडे आणि गावातल्या हौशी स्वयंपाक्यांकडे.

मुलाण्याने कापले या एका गोष्टीने दोन पेच सुटतात. मुसलमान शेजाऱ्याला ते मटण खायला हरकत उरत नाही, कारण ते हलाल आहे. आणि हिंदू यजमानाला यात आपण काही सोडले असे वाटत नाही, कारण बऱ्याच गावांत मराठा, कुणबी, धनगर घरांची रीतच मुलाण्याच्या हातून कापून घेण्याची. ग्रामदेवीच्या जत्रेतही, जिथे पिराचा संबंध नाही, अनेक गावांत बोकड कापायला मुलाणीच लागतो. म्हणजे पाहुण्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही. त्याची अट गावाच्या रीतीतच मुरलेली असते. सोय दिसू लागली की पाहुणा अवघडतो आणि यजमान उपकार मोजू लागतो. कंदुरीत दोन्ही टळते.

माळावर आणखी एक चूल असते, तिच्याकडे लक्ष जायला वेळ लागतो. ती माळकऱ्यांची. गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी प्रत्येक गावात असतात, त्यांना मांस वर्ज्य. त्यांच्यासाठी आमटी किंवा वांग्याची भाजी आणि भात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात होतो, पळी वेगळी असते आणि पंगत शक्यतो आधी बसते किंवा थोडी बाजूला. यावर कोणी भाषण करत नाही. माळकरी कंदुरीला आला याचे कौतुक नसते, पण न येता तर विचारणा झाली असती. शाकाहाराच्या नावाने शहरातल्या सोसायट्यांत जी भांडणे होतात, त्यांतली बरीचशी या दुसऱ्या चुलीने मिटली असती.

हे सगळे निर्वेध चालते असे मात्र नाही. पिराच्या नावाने बोललेले जनावर खावे की नाही, यावर मुसलमानांतच दोन मते आहेत. दर्ग्याला मानणारे म्हणतात की कापताना नाव अल्लाचेच घेतले जाते आणि पुण्य तेवढे पिराला अर्पण होते. देवबंदी आणि अहले हदीस विचाराचे लोक नवस देवाखेरीज कोणाला बोलणेच अमान्य करतात आणि कंदुरीला येत नाहीत. त्यांच्या घरी बोलावणे गेले आणि कोणी आले नाही, तर त्याचा अर्थ शेजार तुटला असा नसतो. कोणताही एक बेत सगळ्यांना चालेल ही अपेक्षाच चुकीची. बेत कोणाला चालणार नाही हे आधी माहीत असणे, एवढेच यजमानाच्या हाती असते.

सहाशे भाकरींचा प्रश्न

कंदुरीतली दुसरी शिकण्यासारखी गोष्ट मटणात नसून भाकरीत आहे. समजा तीनशे माणसांची पंगत बसायची आहे. त्यांत साठ माळकरी, उपासवाले आणि न खाणारे धरले तर मटण खाणारे दोनशे चाळीस उरतात. माणशी दीडशे ग्रॅम कच्चे मटण धरले तर ३६ किलो लागते. वीस किलोच्या जिवंत बोकडाचे हाडांसकट नऊ-दहा किलो मटण पडते, म्हणजे चार बोकड. रस्सा सढळ हाताने वाढवता येतो, त्यासाठीच तर भाजलेले खोबरे, कांदा आणि कांदा-लसूण मसाला. भात वीस किलोत भागतो. इथवरचे सगळे पैशाने आणता येते.

भाकरी मात्र पैशाने आणणे अवघड. लहान-मोठे मिळून माणशी दोन धरल्या तरी सहाशे भाकरी होतात. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या आठ भाकरी धरल्या तर ७५ किलो पीठ. एका तव्यावर एक भाकरी थापून, भाजून, फुगवून उतरायला अडीच-तीन मिनिटे लागतात. एका घराने एकाच तव्यावर हे करायचे म्हटले तर पंचवीस-तीस तास अखंड चूल पेटती ठेवावी लागेल आणि पहिल्या भाकरी तोवर वाळून कडक होतील. म्हणून यजमान आदल्या दिवशी घरोघर पीठ पाठवतो किंवा नुसता निरोप. तीस घरांनी वीस-वीस भाकरी केल्या की प्रत्येकीच्या वाट्याला अडीच किलो पीठ आणि तासाभराचे काम येते. दुपारी अकरा-बारा वाजता फडक्यात बांधलेल्या चवडी माळावर येऊ लागतात आणि एका मोठ्या टोपलीत पडतात. त्या टोपलीत शिंद्याची भाकरी कोणती आणि शेखांची कोणती, हे कोणी ओळखू शकत नाही.

ही तीस घरे कोणती ते पाहा. यजमानाची भावकी असतेच, पण वाड्याशेजारची मुसलमान घरेही असतात. ज्या बाईने सकाळी वीस भाकरी थापल्या ती दुपारी पाहुणी म्हणून येत नाही. तिचे त्या जेवणात काहीतरी पडलेले असते. ती कमी पडल्याचे बोलू शकते, रस्सा खारट झाला म्हणू शकते, पोरांना हक्काने पुढे बसवू शकते. तक्रार करण्याचा हक्क ज्याला नाही त्याला आपण शेजारी म्हणत असू, पण तो पाहुणाच असतो. शहरातल्या सर्वधर्मीय जेवणात केटरर आला आणि हा भाग पुसला गेला. केटररमुळे चव सुधारते, वेळ वाचतो आणि दुसऱ्या धर्माच्या घरातून टोपलीत पडणारे काही उरत नाही. इथे कोणी म्हणेल की तीनशे फ्लॅटच्या वसाहतीत भाकरी गोळा करणे हा निव्वळ भाबडेपणा आहे. खरे आहे, आणि भाकरीच हवी असेही नाही. बाजारहाटाला बरोबर जाणे, ताटे मोजून घेणे, वाढपी पुरवणे, पाण्याचे पिंप भरणे यांपैकी एक काम ज्याच्याकडे सोपवले, तो पाहुण्याच्या रांगेतून बाहेर आला.

प्रसाद पातेल्यात कधी पडतो

आता गणपतीच्या मंडळाकडे येऊ, कारण बहुतेक वाचकांचा संबंध तिथेच येतो. महाप्रसाद शाकाहारी असतो, म्हणून तो सगळ्यांना चालतो अशी मंडळांची प्रामाणिक समजूत असते. भात, आमटी किंवा सांबार, बटाट्याची भाजी, शिरा किंवा बुंदी यांत हलाल-हराम काय असणार? पण मुसलमान शेजाऱ्याची शंका पदार्थाबद्दल नसतेच, ती नैवेद्याबद्दल असते. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खाऊ नये असे बहुतेक मौलवी सांगतात. ख्रिस्ती माणसालाही हाच प्रश्न पडू शकतो. बायबलातल्या पौलाच्या पत्रांत मूर्तींना वाहिलेल्या अन्नाची चर्चा आहे आणि त्याबाबत पंथापंथांत आजही एकमत नाही.

आपल्याकडची रीत अशी, की तयार स्वयंपाकातून एक पान काढून नैवेद्य दाखवतात आणि मग त्या पानातले घासभर अन्न प्रत्येक पातेल्यात परत मिसळतात, म्हणजे सगळ्याचा प्रसाद होतो. अडचण या शेवटच्या पायरीत आहे. नैवेद्याआधी पातेल्यातले अन्न हे नुसते अन्न आहे. मिसळल्यानंतर त्याचा दर्जा बदलतो, मानणाऱ्यासाठीही आणि न मानणाऱ्यासाठीही. उपाय साधा आहे. भाताचे एक आणि आमटीचे एक पातेले मिसळण्याआधी बाजूला काढायचे, नैवेद्य नेहमीप्रमाणे दाखवायचा, बाकीच्या पातेल्यांत मिसळायचा. देवाचे काही उणे होत नाही आणि शेजाऱ्याची शंका मिटते. मात्र हे शेजाऱ्याला आधी सांगितलेले असले पाहिजे. पंगतीत बसल्यावर कानात सांगितले तर ते चार लोकांदेखत त्याच्या श्रद्धेचे प्रदर्शन होते. आणि न सांगता मिसळलेलेच वाढले, मग नंतर कळले, तर तो माणूस पुढच्या वर्षी येणार नाही आणि का आला नाही हेही सांगणार नाही.

याहून सोपी वाट मंडळांच्या हातात आधीपासून आहे, तिचा विचार फारसा होत नाही. विसर्जनानंतर कार्यकर्त्यांचा श्रमपरिहार होतो. हे जेवण प्रसादाचे नाही, त्याला नैवेद्य नाही, ते राबलेल्यांचे आहे. मंडपाला वीज जोडणारा, ट्रॅक्टर देणारा, ढोल-ताशाला पाणी पाजणारा, रस्त्याच्या कडेच्या दुकानाचे फळकूट टाकून मिरवणुकीला जागा करणारा, यांत दुसऱ्या धर्माची माणसे अनेक वस्त्यांत असतातच. महाप्रसादाला त्यांना ‘भाविक’ म्हणून बोलावण्यापेक्षा श्रमपरिहाराला ‘कार्यकर्ते’ म्हणून बोलावणे जास्त खरे आहे. तारखेचे मात्र सांभाळावे लागते. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो, त्यापाठोपाठ नवरात्र, आणि सामिष बेत असेल तर निम्मे लोक खाणार नाहीत. म्हणून दसरा उलटल्यावरचा दिवस बरा. ईद मिलनाच्या यजमानांनीही पंचांग पाहावे. संकष्टी, एकादशी, गुरुवार यांना बिर्याणीचे बोलावणे गेले तर ते नाकारण्यासाठीच दिल्यासारखे होते. मुसलमानी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे दोन पंचांगांची गाठ दरवर्षी वेगळ्या जागी पडते आणि मागल्या वर्षीचा अनुभव पुढच्या वर्षी उपयोगी पडेलच असे नाही.

तारखा सांभाळणे लोकांना जमत नाही असेही नाही. २०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद २९ जूनला एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यातल्या कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली आणि मुंबईत मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला गेला. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडी गावात पावसामुळे एकदा गणपती मशिदीत हलवावा लागला आणि १९८० पासून तो दरवर्षी मशिदीतच बसतो. तिथले मुसलमान मंडळाचे काम करतात, प्रसाद तयार करण्यात हात लावतात आणि बकरी ईद त्या दिवसांत आली तेव्हा त्यांनी नुसती नमाज पढून कुर्बानी टाळली. गोटखिंडीची बातमी दरवर्षी ‘मशिदीत गणपती’ म्हणून छापून येते. प्रसादाला हात लावणारी माणसे बातमीच्या तळाशी एका वाक्यात असतात. या लेखाच्या दृष्टीने मथळा तिथे हवा होता.

चहाच्या कपाची किंमत

बरोबर जेवण्याची कल्पना नवी नाही आणि ती नुसत्या निमंत्रणावर सोडली की काय होते याची उदाहरणे मुंबई-पुण्यातच घडली आहेत. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. तिथे जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती भटाऱ्याचा पाव खाल्ला जाई. पण हे गुप्तपणे. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोश्यांच्या पुढाकाराने व्याख्यानाला जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसे तिथे होती. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हातात धरला. नंतर नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घेण्याची वेळ आली. १८९२ मध्ये रानड्यांनीही ते घेतले.

या गोष्टीकडे आपण सनातन्यांच्या हट्टाचा किस्सा म्हणून पाहतो. मला त्यात यजमानीची चूकही दिसते. ज्यांच्यापुढे चहा ठेवला त्यांना तो घेण्याची काय किंमत पडणार हे ठाऊक असूनही तो ठेवला गेला आणि नंतर नावे जाहीर झाली. पाहुण्याला त्याच्या घरच्यांपुढे, जातीपुढे, जमातीपुढे उत्तर द्यावे लागते. हे आजही खरे आहे. बुरखा घेणारी बाई मंडळाच्या पंगतीत जेवतानाचा फोटो फिरला तर तिच्या मोहल्ल्यात चर्चा होते. टिळा लावणारा तरुण बिर्याणी खाताना दिसला तर त्याच्या गटावर मेसेज पडतात. म्हणून पंगतीचे फोटो काढू नयेत, निदान लोकांच्या तोंडात घास असताना तरी. कंदुरीच्या माळावर कॅमेरा नव्हता, हाही तिच्या यशाचा भाग असावा.

जुन्या गावाचे गोडवे नकोत

इथे एक आक्षेप हमखास येणार आणि तो बिनतोड आहे. ज्या गावगाड्यातून कंदुरी आली, त्यातच महार-मांगांची पंगत वेगळी आणि शेवटी होती. मुलाण्याच्या हातचे चालत होते आणि गावकुसाबाहेरच्या माणसाची सावली चालत नव्हती. दुसऱ्या धर्माला जवळ घेणारी रीत स्वतःच्या धर्मातल्या माणसाला दूर ठेवत होती. हे नाकारून कंदुरीची आरती ओवाळणे हा लबाडपणा होईल. वेगळी चूल, वेगळी पळी हा उपाय माळकऱ्यासाठी सोयीचा होता, पण तोच उपाय दलितासाठी अपमानाचा होता. फरक एका प्रश्नाने कळतो. वेगळेपणा कोणी मागितला? माळकऱ्याने स्वतः मागितला होता, दलितावर तो लादला होता. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सहभोजन आणि झुणका-भाकर सत्यनारायण यांचा जो खटाटोप केला, त्यातही त्यांनी नुसते एकत्र जेवण ठेवले नाही. पूजेला दलित जोडपे बसवले. म्हणजे पंगतीची जागा बदलण्याआधी त्यांनी मानाची जागा बदलली. कंदुरीकडून क्रम घ्यावा आणि गद्र्यांकडून मान कोणाला द्यायचा ते घ्यावे.

दुसरा आक्षेप ताजा आहे. हलालच का, असे आता मोकळेपणाने विचारले जाते. मार्च २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी मल्हार प्रमाणपत्राची घोषणा केली, तेव्हापासून गावोगावच्या श्रमपरिहारातही हा विषय निघतो. ज्याला झटकाच हवे त्याचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. अमृतधारी शिखांना तर हलाल धर्मानेच वर्ज्य आहे. प्रश्न सामायिक जेवणाचा आहे. दोन अटी समोरासमोर आल्या की मधला मार्ग निघत नाही. अशा वेळी मटणाचा हट्ट सोडावा आणि शाकाहारी बेत करावा, ज्यात दोघांचेही काही जात नाही. पंगतीत जैन कुटुंबे असतील तर कांदा-लसूण-बटाटा वगळलेले एक पातेले आणि सूर्यास्ताआधीची वेळ. पण जिथे कोणाचीच तशी अट नाही, पिढ्यानपिढ्या मुलाण्याच्या हातचे खाल्ले आहे, तिथे केवळ शेजारी येऊ नये म्हणून रीत बदलायची असेल तर तो धर्माचा प्रश्न नाही. ते न दिलेले निमंत्रण आहे, आणि मंडळाने तसे स्पष्ट म्हणावे.

मिरज आणि भिवंडी

सगळ्यांत कठीण प्रश्न उरतो. अशा जेवणांनी दंगल थांबते का? मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. सर्व जातीधर्मांची माणसे तिथे जातात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत संगीतसभा होते. त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल उसळली. उरुसाच्या एकोप्याने ती अडवली नाही. जो कोणी सहभोजनाला दंगलीवरचा उतारा म्हणून विकतो त्याने मिरजेचे उत्तर आधी द्यावे.

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा भारतीय शहरांची जोडीजोडीने तुलना केली. एका जोडीतल्या दोन शहरांत लोकसंख्येचे प्रमाण सारखे, पण एक पेटते आणि दुसरे शांत राहते, ते कशामुळे, हा त्यांचा प्रश्न होता. सणाला एकमेकांकडे जाणे, एकत्र जेवणे, मुलांनी एकत्र खेळणे यांचा उपयोग होतो, पण शहरात तो पुरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुरतात त्या दोन्ही समाजांच्या एकत्र संस्था, म्हणजे व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब, समित्या. महाराष्ट्रातले उदाहरण भिवंडीचे. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, त्या दशकाच्या अखेरीस, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे नियमित एकत्र बसू लागली, नळापासून भांडणापर्यंतच्या तक्रारी तिथे येऊ लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

वार्ष्णेयांचा निष्कर्ष सहभोजनाच्या विरोधात जातो असे प्रथमदर्शनी वाटेल. मला तो चुलीच्या बाजूचा वाटतो. एका संध्याकाळी एकत्र जेवलेली तीनशे माणसे दुसऱ्या दिवशी एकमेकांना ओळखतीलच असे नाही. पण त्या जेवणासाठी महिनाभर एकत्र बसलेली दहा माणसे ओळखतात. बाजाराचे पैसे कोणी दिले, कोण वेळेवर येतो, कोणाचा शब्द त्याच्या गल्लीत चालतो हे त्यांना कळलेले असते. रात्री अकरा वाजता अफवा आली तर फोन कोणाला करायचा हे त्या दहांना ठाऊक असते, तीनशेंना नसते. म्हणून जेवणापेक्षा जेवणाची समिती महत्त्वाची, आणि ती समिती जेवण झाल्यावर विसर्जित होऊ नये. मिरजेत मानाचा गलेफ होता, पण मान आणि समिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान वर्षातून एकदा चालतो, समितीला दर महिन्याला बसावे लागते. आणि भिवंडीनेही हे मुद्दाम बसून, पोलिसांच्या रेट्याने मिळवले, ते आपोआप उगवले नव्हते, हे सांगितले पाहिजे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा यंदाचा श्रमपरिहार बहुतेक मंडळांचा उरकलेला असेल. पुढे माघी गणपती आहे, गावोगावच्या जत्रा आणि उरूस आहेत, ईद आहे. मंडळाच्या किंवा मशिदीच्या विश्वस्तांना विनंती एवढीच की पत्रिका छापायला टाकण्याआधी पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरांना बैठकीला बोलवा, त्यांतली एक बाई असू द्या, आणि त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून बेत, तारीख, कापणारा, स्वयंपाकी आणि वाढपी असे पाच रकाने त्यांच्याकडून भरून घ्या. त्यांतले निदान एक काम त्यांच्याकडे द्या आणि त्याचे पैसे मंडळाने द्यायचे की त्यांनी, हेही तिथेच ठरवा. मग पत्रिका छापली नाही तरी चालेल.